गिरणाकाठच्या विटा आणि ८३७ अंशांचा आकडा

माझ्या आतेभावाची वीटभट्टी भडगावच्या पुढे गिरणेच्या काठाला आहे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. मृगाच्या पहिल्या सरींनंतर आप्पांचा फोन आला आणि त्यांनी एवढंच सांगितलं, "पानी लागनं की इटा फुटतस, भाऊ."

जाऊन पाहिलं. नव्या घराच्या बिनगिलाव्याच्या भिंतीवर जागोजागी पाच-दहा रुपयांच्या नाण्याएवढे टवके उडाले होते. उन्हाळाभर ही भिंत ठणठणीत होती. टवका उडालेल्या प्रत्येक खळग्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा भुसभुशीत ठिपका दिसत होता. नखाने खरवडला तर पीठ होई. त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला आणि तो लगेच गर्द गुलाबी झाला. म्हणजे हा चुना होता, आणि नुकताच विरलेला.

हा चुना आला कुठून, ते आप्पांच्या मातीच्या ढिगाजवळ कळलं. त्या वर्षी त्यांनी जुना खड्डा सोडून काठावरच्या दुसऱ्या जागेतली माती आणली होती. मूठभर माती चाळली की हरभऱ्याएवढे करडे-पांढरे खडे हाताला लागत. आपल्याकडे गाळाच्या आणि काळ्या मातीत असे चुनखडीचे खडे सगळीकडे सापडतात, आणि पूर्वी तेच भाजून बांधकामाचा चुना करत. खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की फसफसतं. त्यातला मुख्य पदार्थ कॅल्शियम कार्बोनेट. विटेबरोबर तो खडाही भाजला गेला, कार्बन डायऑक्साइड निघून गेला, कळीचा चुना विटेच्या पोटात राहिला, आणि पाऊस लागताच तो विरून फुगला.

इतकं चटकन उलगडलं. भट्टीवर मात्र वेगळाच वाद पेटला होता. एक जण म्हणे विटा जास्त भाजल्या, दुसरा म्हणे कमी भाजल्या. आप्पांचा प्रश्न सरळ होता. "खडा चुना होण्याआधीच आच थांबवली तर? कितीवर थांबवायची, तेवढं सांगा." हा प्रश्न बारावीच्या ऊष्मागतिकीच्या धड्यातला आहे, म्हणून मी तो तसाच्या तसा वर्गात नेला.

अभिक्रिया अशी:

```
CaCO₃ (घन) → CaO (घन) + CO₂ (वायू)
```

ती आपोआप घडेल का, हे गिब्ज ऊर्जेतल्या बदलाच्या चिन्हावरून कळतं. ΔG ऋण असेल तर अभिक्रिया त्या दिशेने उत्स्फूर्त, धन असेल तर उलट दिशेने उत्स्फूर्त, शून्य असेल तर तोल.

```
ΔG = ΔH − TΔS
```

यात ΔH म्हणजे एन्थाल्पीतला, म्हणजे शोषलेल्या किंवा सुटलेल्या उष्णतेचा बदल, ΔS म्हणजे एन्ट्रॉपीतला, म्हणजे विस्कळीतपणातला बदल, आणि T म्हणजे केल्विनमधलं तापमान. तक्त्यात २५ अंश सेल्सियसच्या निर्मिती-एन्थाल्पी मिळतात: चुनखडीची −१२०६.९, चुन्याची −६३५.१ आणि कार्बन डायऑक्साइडची −३९३.५ किलोजूल प्रति मोल. उत्पादितांच्या बेरजेतून अभिकारकाची वजा केली की ΔH = +१७८.३ किलोजूल येते. एन्ट्रॉपी अनुक्रमे ९२.९, ३९.८ आणि २१३.७ जूल प्रति केल्विन प्रति मोल, म्हणून ΔS = +१६०.६ जूल प्रति केल्विन. या आकड्यात वायूचाच वाटा किती मोठा आहे ते बघा. दोन घनांमधला फरक त्यापुढे लहान आहे. घनातून वायू सुटतोय, म्हणून एन्ट्रॉपी वाढतेय.

दोन्ही धन. म्हणजे एन्थाल्पी अभिक्रियेला अडवते, एन्ट्रॉपी पुढे ढकलते, आणि एन्ट्रॉपीच्या बाजूचं वजन तापमानाबरोबर वाढत जातं. २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला, TΔS फक्त ४७.९ किलोजूल भरतं, ΔG राहते +१३०.४. म्हणून चुनखडीचा डोंगर उन्हात हजारो वर्षं तसाच उभा राहतो. तापमान वाढवत नेलं की कुठेतरी दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तिथे ΔG शून्य:

```
T = ΔH / ΔS
```

पहिल्या तपासणीत निम्म्या मुलांचं उत्तर १.११ केल्विन आलं. दरवर्षी येतं. ΔH किलोजूलमध्ये आणि ΔS जूलमध्ये, तसंच भागलं की हजार पटींची चूक होते. उत्तर १ केल्विन दिसलं की हात थांबला पाहिजे, कारण तसं असतं तर जगात चुनखडीचा एक खडा उरला नसता. १७८३०० ला १६०.६ ने भागलं की १११० केल्विन, म्हणजे ८३७ अंश सेल्सियस.

मी एक के प्रकारचा थर्मोकपल मिळवून पुढच्या भट्टीत तीन ठिकाणी मापं घेतली. आप्पांची भट्टी खुल्या रचाईची. कच्च्या विटांच्या थरांत दगडी कोळशाचा चुरा आणि खाली पेटवायला पऱ्हाट्या. पोटात पारा हजाराच्या आसपास गेला. कडेच्या थरांत मात्र तो ७८० च्या वर चढलाच नाही. मी आप्पांना म्हणालो, "कडेच्या विटा सुरक्षित आहेत. तिथे खडा चुना होऊच शकत नाही." माझं हे बोलणं चुकलं.

त्या भट्टीतल्या पोटातल्या वीस आणि कडेच्या वीस विटा आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. आठवड्याने उघडलं तर कडेच्या विटाच जास्त फुटल्या होत्या. वीसपैकी तेरा. पोटातल्या चार.

अशा वेळी थर्मोकपलवर खापर फोडायचा मोह होतो. तो आम्ही उकळत्या पाण्यात आणि वितळत्या ॲल्युमिनियममध्ये (६६० अंश) तपासला. माप दोन-चार अंशांपलीकडे चुकत नव्हतं. मग उरला हिशेब. भागाकार बरोबर होता. तो भागाकार कोणत्या परिस्थितीचा, हे मात्र मी सोडून दिलं होतं.

तक्त्यातले सगळे आकडे प्रमाण स्थितीचे असतात, आणि वायूसाठी प्रमाण स्थिती म्हणजे त्याचा स्वतःचा दाब एक बार. म्हणजे ८३७ चा अर्थ असा: खड्याभोवती निव्वळ कार्बन डायऑक्साइड एक बार दाबाने कोंडलेला असेल, तर तोल या तापमानाला येईल. आप्पांच्या भट्टीत तशी स्थिती कधीच नसते. हवेत ऑक्सिजनच सुमारे २१ टक्के. कोळशातला कार्बन जळताना ऑक्सिजनच्या एका रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू होतो, म्हणून जळणातून होणारा कार्बन डायऑक्साइड फार तर पाचवा हिस्सा भरेल. खुल्या भट्टीत तर गरजेपेक्षा खूप जास्त हवा ओढली जाते, म्हणून तो दहा टक्के किंवा त्याहून कमीच राहतो. धरू या ०.१ बार.

दाब वेगळा असेल तर सूत्रात एक पद वाढतं:

```
ΔG = ΔH − TΔS + RT ln p
```

यात p हा कार्बन डायऑक्साइडचा बारमधला दाब आणि R म्हणजे ८.३१४ जूल प्रति केल्विन प्रति मोल. कडेच्या थराचं तापमान ७८० अंश, म्हणजे १०५३ केल्विन. पहिली दोन पदं: १७८.३ वजा १६९.१, उरले +९.२ किलोजूल. इथवर माझं बोलणं बरोबर, खडा फुटू नये, म्हणजे त्याचा चुना होऊ नये. पण ०.१ चा नैसर्गिक लॉगॅरिदम −२.३०३, त्याला RT ने, म्हणजे ८.७५ किलोजूलने गुणलं की −२०.२. बेरीज −११.० किलोजूल. चिन्ह फिरलं. तीच आच, तोच खडा, फक्त भोवतीचा वायू विरळ, आणि अभिक्रिया उत्स्फूर्त.

ΔG शून्य ठेवून तापमान काढलं तर एन्ट्रॉपीत १९.१ जूलची भर पडल्यासारखं होतं. १७८३०० भागिले १७९.७, म्हणजे ९९२ केल्विन, ७१९ अंश. जळणातून होऊ शकणारा कमाल दाब ०.२१ बार धरला तरी उत्तर ७५४ च्या आसपास येतं. म्हणून ७८० च्या कडेला खडा चुना होणारच होता. विरळ वायू अधिक पसरलेला असतो, त्याची एन्ट्रॉपी जास्त असते, म्हणून फुटण्याची ओढही जास्त. मुलांना मी आता असं सांगतो की उत्स्फूर्ततेचं तापमान विचारलं की आधी विचारा, कितीच्या दाबाला?

हे नुसतं कागदावर राहू नये म्हणून प्रयोगशाळेत एक जोडी लावली. एकाच मोठ्या खड्याचे कुटलेले, ११० अंशांना वाळवलेले, प्रत्येकी २०.० ग्रॅमचे दोन वाटे. पहिला मफल भट्टीत, हवा खेळती ठेवून, ७८० अंशांवर चार तास. दुसरा नळीत, तेवढ्याच तापमानाला, तेवढाच वेळ, पण संगमरवरी तुकड्यांवर आम्ल टाकून काढलेला आणि वाळवलेला कार्बन डायऑक्साइड सतत वाहता ठेवून. थंड होईपर्यंतही तोच वायू चालू ठेवला, नाहीतर थंड होताना हवा शिरून निकाल बिघडला असता. पहिल्याचं वजन १४.१ ग्रॅम भरलं. दुसऱ्याचं १९.४.

दुसऱ्यातून गेलेले ०.६ ग्रॅम हे खड्यातल्या चिकणमातीचं पाणी आणि थोडा सेंद्रिय अंश. तो पहिल्यातूनही गेलाच असणार. म्हणून पहिल्यातून गेलेल्या ५.९ पैकी ५.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण फुटलं की वजनाच्या ४४ टक्के गमावतं, तेव्हा ५.३ ग्रॅम वायू म्हणजे सुमारे १२ ग्रॅम कार्बोनेट, खड्याच्या साठ टक्के. पहिला वाटा नंतर ९५० अंशांवर तासभर ठेवला तरी वजन हललं नाही, म्हणजे ७८० लाच सगळा फुटला होता. दुसऱ्या वाट्यावर आम्ल टाकलं तर तो मूळ खड्यासारखाच फसफसला. दोन्ही बशा मी वर्गात शेजारी शेजारी ठेवल्या. एक मुलगी दोन्हींचे लेबल पुन्हा पुन्हा वाचत होती, कारण तापमान दोन्हींवर एकच लिहिलेलं होतं.

८३७ आणि ७१९ या आकड्यांवर किती विसंबायचं हेही सांगायला हवं. ΔH आणि ΔS आपण २५ अंशांचे घेतले आणि ते भट्टीतही तेच राहतात असं धरलं. प्रत्यक्षात पदार्थांच्या ऊष्माधारकता वेगवेगळ्या असल्याने दोन्ही आकडे तापमानाबरोबर थोडे घसरतात. मोजून पाहिलं तर एक बार दाबाला तोल ९०० अंशांच्या आसपास येतो, आणि ०.१ बारला ७५० च्या आसपास. म्हणजे आपला सोपा भागाकार एक बारला साठेक अंश कमी सांगतो. कडेच्या ७८० अंशांना याचा अर्थ असा की सोप्या हिशेबाने ०.३५ बारपर्यंतच्या दाबातही खडा फुटेल असं वाटतं, पण खरी मर्यादा ०.१५ बारच्या जवळपास आहे. आमच्या भट्टीतला दाब दोन्हींच्या खाली असल्याने निष्कर्ष बदलला नाही. तो मधे कुठे असता तर तक्त्याच्या भागाकारावर मी शब्द दिला नसता.

आता वीट भट्टीत का फुटत नाही, पावसात का फुटते, हा दुसरा भाग. चुना विरतो ती अभिक्रिया:

```
CaO (घन) + H₂O (द्रव) → Ca(OH)₂ (घन)
```

इथे ΔH −६५.२ किलोजूल आणि ΔS −२६.३ जूल प्रति केल्विन. दोन्ही ऋण, म्हणजे पहिल्याच्या नेमकं उलट: आता एन्थाल्पी ढकलते आणि एन्ट्रॉपी अडवते, म्हणून ही अभिक्रिया थंडीत चालते आणि तापवलं की बंद पडते. २५ अंशांना ΔG −५७.४ किलोजूल. इथे T = ΔH / ΔS मांडलं की २४८० केल्विन येतं, आणि एका मुलाने ते आनंदाने फळ्यावर लिहिलंही. पण त्या तापमानाला पाणी द्रव असेल का? समीकरणात द्रव पाणी लिहून शंभर अंशांच्या कितीतरी वरचं उत्तर काढलं की त्या उत्तराला अर्थ उरत नाही. वाफ घेऊन पुन्हा मांडायचं: ΔH −१०९.२, ΔS −१४५.२, उत्तर ७५२ केल्विन, म्हणजे ४७९ अंश. हेही एक बार वाफेचंच. प्रत्यक्षात ते पाचशेच्या जरा वर भरतं. भट्टीच्या आचेत म्हणूनच पऱ्हाट्यांची ओल किंवा विटेतून निघणारी वाफ चुन्याला विरवू शकत नाही. वीट थंड होते, मोकळ्या हवेत येते, तेव्हा हा रस्ता उघडतो.

विरलेल्या चुन्याला कळीच्या चुन्याच्या घन भागापेक्षा जवळजवळ दुप्पट जागा लागते, एका मोलला सुमारे १७ ऐवजी ३३ घन सेंटिमीटर. बाहेर ती खुशाल मिळेल. विटेच्या आत, दोन-चार मिलिमीटर खोल, चारी बाजूंनी भाजलेली माती असताना ती मिळत नाही आणि वरचा पापुद्रा उडतो.

याच चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन चुनखडी होणंही उत्स्फूर्तच आहे. एक बारचा हिशेब धरला तर २५ अंशांना ΔG −१३०.४ किलोजूल, म्हणजे पाण्याबरोबरच्या अभिक्रियेच्या दुपटीहून जास्त ऋण. हवेतला विरळ वायू धरला तरी ती ऋणच राहते. तरी टवके उडतात ते पाण्यानेच, कारण पाणी काही तासांत किंवा दिवसांत काम करतं आणि हवा वर्षं घेते. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती वर्षानुवर्षं घट्ट होत जातात त्या विरलेल्या चुन्याच्या अशाच संथ अभिक्रियेने. ΔG किती ऋण आहे यावरून वेग कळत नाही, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवले की ते मुलांना जितकं पटतं तितकं दुसऱ्या कशाने पटत नाही.

पोटातल्या विटा कमी का फुटल्या, तेही यातच बसतं. हजार अंशांना खडा तर नक्कीच चुना झाला होता. पण तिथे चुना मातीतल्या सिलिका आणि ॲल्युमिनाशी जोडला जाऊन त्याची सिलिकेटं होऊ लागतात. बारीक कण त्यात संपून जातात. उरलेला चुनाही जास्त आचेने घट्ट होऊन पाण्याला सावकाश दाद देतो, आणि वीट स्वतः अधिक भक्कम झालेली असते. कडेला मात्र सगळ्यात वाईट मिलाफ होतो: चुना करायला पुरेशी आच, पण तो मातीत जिरवायला अपुरी.

मग आप्पांना काय सांगायचं? आच ७०० च्या खाली ठेवली तर खडा वाचेल, पण तशी वीट अपुरी भाजून कमजोर राहील. आच सगळीकडे हजारावर न्यायची तर खुल्या भट्टीत कड तशी तापतच नाही, आणि कोळशाचा खर्च परवडत नाही. तेव्हा तापमानाचा नाद सोडून आम्ही खड्याकडे वळलो. माती वाळवून दोन मिलिमीटरच्या जाळीतून चाळायची. बारीक कणही चुना होतात, पण त्यांचं फुगणं एवढं थोडं की वीट ते पोटात घेते. आणि भट्टी उलगडताना विटा कोमट असतानाच पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायच्या. भरपूर पाणी एकदम मिळालं की चुना मऊ लोण्यासारखा होऊन विटेच्या छिद्रांत पसरतो. दमट हवेत हळूहळू विरला तर कोरडाच फुगून रेटतो.

आप्पा म्हणाले, "एप्रिलात गिरणेला पाणी कुठे असतं? टँकर आणून विटा बुडवू का?" त्यांचं खरं होतं. शेवटी पोटातल्या विटा न बुडवता फक्त कडेचे दोन थर बुडवायचे, असं ठरलं. पाणी एका हौदात भरून तेच पुन्हा वापरलं.

त्या भट्टीतल्या कडेच्या वीस विटा पुन्हा ओल्या गोणपाटात ठेवल्या, या वेळी पंधरा दिवस. दोन फुटल्या. दोन्ही फोडून आतला पांढरा ठिपका मोजला तर चार मिलिमीटरच्या वर होता. दोन मिलिमीटरच्या जाळीतून तो जाणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही चाळणी उन्हात धरली. एका कोपऱ्यात जाळी चौकटीपासून बोटभर सुटली होती. आप्पांनी तिथेच बसून तार गुंडाळली.